आठ तासांत १२० ग्रॅम प्रोटीन: इंटरमिटंट फास्टिंग करणाऱ्या लिफ्टरसाठी ताटाचा हिशेब

सोळा-आठ, म्हणजे सोळा तास उपवास आणि उरलेल्या आठ तासांच्या ‘विंडो’तच खाणं, सुरू केलेले बरेच लिफ्टर महिन्याभरात एकाच जागी येऊन थांबतात. वजन उतरतंय, पँट सैल होतेय, पण बेंच प्रेसचा आकडा हलत नाही आणि स्क्वॉटचे शेवटचे दोन रेप्स निघत नाहीत. दोष बहुतेकदा उपवासाला दिला जातो. पण दिवसभराचं खाणं कागदावर मांडलं की खरं कारण दिसतं. सकाळची न्याहारी बंद झाली तेव्हा तिच्यासोबत तीन अंडी, एक कप दूध किंवा शेकसुद्धा गेला. लिफ्टरच्या दिवसातलं सगळ्यात प्रोटीनयुक्त खाणं अनेकदा तेच असतं. उरलं काय, तर दोन वेळचं घरचं जेवण आणि संध्याकाळचे पोहे. तीन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, भात, भाजी आणि ताक या ताटात जेमतेम २० ग्रॅम प्रोटीन असतं. अशी दोन ताटं आणि मधले पोहे धरूनही बेरीज पन्नाशीच्या आसपासच थांबते.

म्हणजे प्रश्न उपवासाच्या तासांचा नाही. जेवणं कमी झाली, पण उरलेल्या जेवणांची रचना जुनीच राहिली, हा प्रश्न आहे. ती रचना कशी बदलायची, हे इथे एका उदाहरणातून पाहू: वजन ७२ किलो, ऑफिसची नोकरी, संध्याकाळी साडेसहाला जिम, घरात शाकाहार, दूधदुभतं चालतं. सगळ्यात अवघड हिशेब याच माणसाचा असतो. अंडी-मासे-चिकन खाणाऱ्यांना हेच गणित सोपं जातं, त्यांच्यासाठीचे बदल पुढे दिले आहेत.

एक गोष्ट आधीच. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किडनीचा आजार असेल, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल, वय अठराच्या आत असेल, किंवा पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लांब उपवास आणि जास्त प्रोटीन यांपैकी काहीही सुरू करू नका. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन सोळा तास उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

आधी आकडा ठरवा

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत सर्वसाधारण प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. तो आकडा तब्येत नीट राहावी यासाठीचा आहे, स्नायू वाढवण्यासाठीचा नाही. वेट ट्रेनिंग करणाऱ्यांवरच्या अभ्यासांचं २०१८ साली एकत्रित विश्लेषण झालं, त्यात फायदा साधारण १.६ ग्रॅम प्रति किलोपर्यंत वाढत जातो आणि त्यापुढे सपाट होतो असं दिसलं. वजन उतरवण्याचा टप्पा असेल तर २ ग्रॅमपर्यंत जाणं शहाणपणाचं, कारण कॅलरी कमी असताना स्नायू टिकवायला प्रोटीन जास्त लागतं आणि पोटही भरलेलं राहतं.

७२ किलोला १.६ ने गुणलं की ११५ येतात. आपण १२० धरू. वजन खूप जास्त असेल, समजा १०५ किलो आणि पोटावर बरीच चरबी, तर सध्याच्या वजनाने गुणू नका. उंचीला साजेसं जे वजन गाठायचं आहे त्याने गुणा, नाहीतर १७० ग्रॅमसारखा आकडा निघेल. तो आठ तासांत खाणं त्रासाचं आहे आणि त्याची गरजही नाही.

विंडोने स्नायू जातात का?

या शंकेवर दोन अभ्यास शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. २०१६ साली इटलीत नियमित वेट ट्रेनिंग करणाऱ्या ३४ पुरुषांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाने दुपारी १, दुपारी ४ आणि रात्री ८ अशी तीन जेवणं घेतली, दुसऱ्याने नेहमीच्या वेळांना. दोन्ही गटांचं प्रोटीन जवळपास सारखं, दर किलोमागे १.९ ग्रॅमच्या आसपास होतं. विंडोवाल्या गटाची चरबी उतरली, स्नायू आणि ताकद टिकली. त्यांचं टेस्टोस्टेरॉन मात्र काहीसं कमी झालं. त्यामुळे वजन वाढवण्याच्या टप्प्यात ही पद्धत पहिली पसंती असू नये, असं आमचं मत आहे.

दुसरा अभ्यास २०२० सालचा, अमेरिकेतला. दुपारी १२ ते रात्री ८ हीच विंडो, बारा आठवडे, पण लोक जास्त वजनाचे होते आणि त्यांना प्रोटीन किंवा व्यायामाबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. थोडं वजन उतरलं, पण ज्यांची शरीररचना मोजली त्यांच्यात उतरलेल्या वजनाचा मोठा भाग चरबीऐवजी लीन मासचा निघाला. दोन्हीकडच्या विंडो जवळपास सारख्या होत्या. फरक होता तो बारबेलचा आणि ताटातल्या प्रोटीनचा.

‘एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन पचत नाही’ हा समजही इथे अडवतो. पचतं. नेदरलँड्समध्ये २०२३ साली व्यायामानंतर २५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम दुधाचं प्रोटीन देऊन तुलना केली, तेव्हा १०० ग्रॅमवाल्यांमध्ये स्नायूबांधणी जास्त झाली आणि बारा तासांच्या मोजणीत ती जास्त काळ टिकली. त्यामुळे ४५–५० ग्रॅमचं जेवण वाया जात नाही. मर्यादा आहे ती पोटाच्या जागेची आणि भुकेची.

विंडो जिमच्या वेळेला बांधा

बहुतेक जण आधी विंडो ठरवतात आणि मग जिम कुठेतरी बसवतात. उलट करा. व्यायामाच्या दीड-दोन तास आधी काहीतरी प्रोटीन पोटात गेलेलं असावं आणि व्यायामानंतर तासाभरात भरपेट जेवण मिळावं. आपल्या उदाहरणात जिम साडेसहा ते साडेसात, घरी पोहोचेपर्यंत आठ. म्हणून विंडो दुपारी साडेबारा ते रात्री साडेआठ.

खरी अडचण पहाटे जिमला जाणाऱ्यांची. रात्री साडेआठला शेवटचं खाणं, सकाळी सहाला डेडलिफ्ट आणि पहिला घास दुपारी साडेबाराला. म्हणजे व्यायाम संपल्यावरही पाच-साडेपाच तास शरीराला कच्चा माल मिळत नाही. एक-दोन दिवस असं झालं तर काही बिघडत नाही, पण महिनोन्महिने हा क्रम ठेवू नये. अशांनी विंडो पुढे ओढून सकाळी ८ ते दुपारी ४ करावी. घरचं रात्रीचं जेवण सोडणं जमणार नसेल तर सरळ सकाळी ११ ते रात्री ८ अशी नऊ तासांची विंडो ठेवावी. ते एक तास जास्त खाणं मोठ्या त्यागातून मिळालेल्या सोळाव्या तासापेक्षा लिफ्टरच्या जास्त कामाचं आहे.

जिमनंतर लगेच व्हे घेऊन ‘उपवास चालूच आहे’ असं धरणारेही भेटतात. व्हेने उपवास मोडतो, बीसीएएनेही मोडतो. व्हे घ्यायचं असेल तर विंडो तिथून सुरू झाली असं मोजा. बीसीएएवर पैसे घालवू नका. त्यात स्नायूबांधणीला लागणारी सगळी अमिनो आम्लं नसतात. उपवासाच्या तासांत पाणी, कोरी कॉफी, कोरा चहा आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी चालतं.

तीन जेवणं, पण समान नाहीत

स्नायूबांधणी जागी करायला एका जेवणात दर किलोमागे निदान ०.४ ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे ७२ किलोला साधारण ३० ग्रॅम. हा खालचा उंबरठा समजा. १२० ग्रॅम तिघांत समान वाटले तर प्रत्येकी ४० येतात, पण मधलं जेवण जिमच्या आधीचं असल्याने ते हलकं हवं. पोटात जड पनीर घेऊन स्क्वॉट करणं कुणालाच मानवत नाही. म्हणून वाटणी अशी ठेवू: दुपारी ४०, साडेचारला ३०, रात्री ५०.

दोन टोकांची जेवणं भक्कम ठेवण्यामागे कारण आहे. पहिलं जेवण पंधरा-सोळा तासांनी मिळतंय, तर शेवटच्यावर पुढचे सोळा तास काढायचे आहेत. रात्रीच्या ताटात पनीर, दूध, चक्का यांसारखं सावकाश पचणारं प्रोटीन ठेवलं तर झोपेतही रक्तात अमिनो आम्लं बराच वेळ येत राहतात. मधल्या वेळी पटकन पचणारं व्हे बरं.

७२ किलोचं ताट, प्रत्यक्ष

सगळी मापं कच्च्या, कोरड्या वजनाची आहेत. हे महत्त्वाचं का, ते पुढे येईल.

दुपारी साडेबाराचा डबा: ४० ग्रॅम सोया चंक्सची रस्सा भाजी, २५ ग्रॅम तूरडाळीचं दाट वरण, दोन पोळ्या (साधारण ६० ग्रॅम कणीक) आणि २०० ग्रॅम दही. सोयाचे २०, डाळीचे ६, पोळ्यांचे ७, दह्याचे ६, एकूण ३९.

साडेचारला: एक स्कूप व्हे पाण्यात (डब्यावर प्रोटीन २४ ग्रॅम लिहिलंय असं धरू), ३० ग्रॅम फुटाणे आणि एक केळं. फुटाण्यांचे ६ धरले की ३०. ऑफिसात शेकर धुवायची सोय नसेल तर स्कूप कोरडाच शेकरमध्ये घालून न्या आणि पिऊन झाल्यावर लगेच पाणी ओतून हलवून ठेवा, नाहीतर घरी झाकण उघडताना वास येतो.

रात्री आठला: १५० ग्रॅम पनीर, दोन ज्वारीच्या भाकऱ्या (१०० ग्रॅम पीठ), २५ ग्रॅम डाळीची आमटी आणि शेवटी २०० मिली दूध. पनीरचे २७, भाकऱ्यांचे १०, आमटीचे ६, दुधाचे ६, एकूण ४९.

दिवसाची बेरीज ११८. दोन ग्रॅम कमी पडले म्हणून हळहळायचं कारण नाही, खाद्यपदार्थांतला फरकच त्याहून मोठा असतो. दोन्ही जेवणांत मिळून चार चहाचे चमचे तेल धरलं तर कॅलरी दोन हजारांच्या थोड्या वर जातात. या वजनाच्या व्यायाम करणाऱ्या माणसाला त्या वजन सावकाश उतरवायला पुरतात. वजन टिकवायचं असेल तर दुपारी एक मोठी वाटी भात आणि साडेचारला आणखी एक केळं व मूठभर शेंगदाणे घाला. शेंगदाणे प्रोटीनसाठी नव्हे, कॅलरीसाठी. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन असलं तरी साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, त्यामुळे प्रोटीनचा आकडा त्यांच्यावर गाठायला गेलात तर पोट सुटेल.

पनीरबद्दलही तेच. १५० ग्रॅम म्हशीच्या दुधाच्या पनीरमध्ये ३० ग्रॅमच्या वर फॅट जातं. वजन उतरवताना हे जड वाटत असेल तर घरी टोन्ड दुधाचं पनीर करा, किंवा ७५ ग्रॅम पनीर आणि १५० ग्रॅम टोफू असं मिसळा. टोफूच्या पाकिटावरचा आकडा मात्र नक्की वाचा, कारण घट्ट आणि मऊ टोफूत प्रोटीन जवळजवळ दुप्पट-निमपट असू शकतं.

अंडी चालत असतील तर दुपारच्या सोयाच्या जागी तीन मोठी अंडी बसतात (१८–१९ ग्रॅम). चिकन खाणाऱ्यांनी रात्रीच्या पनीरऐवजी १२० ग्रॅम कच्चं बोनलेस चिकन ब्रेस्ट घ्यावं, तितकंच प्रोटीन मिळेल आणि फॅट जवळपास शून्य. बाजारातून करी कट आणलं असेल तर साधारण तिसरा हिस्सा हाडांचा धरून २०० ग्रॅम घ्यावं लागेल. बांगडा घेतला तर डोकं आणि काटे वगळून १४० ग्रॅम मांस हवं, म्हणजे ताटात मध्यम आकाराचे दोन बांगडे.

सोया आणि चक्का: दोन तयाऱ्या नीट जमल्या पाहिजेत

शाकाहारी माणसाचा हा हिशेब सोयावर तरतो, आणि सोया बहुतेक घरांतून हद्दपार होतं ते त्याच्या वासामुळे. वास जातो, पण पद्धत पाळावी लागते. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात चंक्स आठ-दहा मिनिटं शिजवा. गॅस बंद करून गार पाण्याखाली धरा आणि मूठभर-मूठभर घेऊन दोन्ही तळव्यांत दाबून पिळा. पहिल्यांदा पिवळसर, फेसाळ पाणी निघतं. वास त्याच पाण्यात असतो. पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवून दुसऱ्यांदा पिळा, आता पाणी जवळपास नितळ निघालं पाहिजे. नाही निघालं तर तिसऱ्यांदा. मग दही, आलं-लसूण, हळद, तिखट लावून अर्धा तास ठेवा. पिळून काढलेले चंक्स मसाला ओढून घेतात, न पिळलेले घेत नाहीत. रविवारी २०० ग्रॅम चंक्स उकळून, पिळून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवले तर तीन दिवस चांगले राहतात. उरलेले फ्रीजरमध्ये टाका.

दुसरी तयारी चक्क्याची. एक किलो दही मलमलच्या कापडात बांधून फ्रिजमध्येच चाळणीवर रात्रभर टांगतं ठेवा, ओट्यावर नको, तिथे आंबट होतं. सकाळी ३५०–४०० ग्रॅम चक्का मिळतो. १५० ग्रॅम चक्क्यात साधारण १० ग्रॅम प्रोटीन असतं, आणि ते अर्ध्याहून कमी जागेत बसतं. ज्यांना रात्री दूध जड होतं त्यांनी दुधाच्या जागी हाच चक्का वेलची, किंचित मीठ आणि फळाचे तुकडे घालून खावा. श्रीखंड नव्हे, साखर घातली की कॅलरी दुप्पट होतात. खाली गळलेल्या पाण्यातही थोडं प्रोटीन असतं, त्यात कणीक मळा.

सहा तासांत बसवायचं असेल तर

सहा तासांची विंडो, समजा दुपारी २ ते रात्री ८, फक्त चरबी उतरवण्याच्या ठरावीक टप्प्यात वापरावी. स्नायू वाढवायचे असताना तिचा उपयोग दिसत नाही आणि कॅलरी पूर्ण होत नाहीत.

इथे तीन पूर्ण जेवणं मावत नाहीत. दुसऱ्या जेवणाला भूकच लागलेली नसते. त्यामुळे दोन मोठी जेवणं आणि मधे फक्त द्रव असा साचा ठेवा: दोनला ४५, पाचला पाण्यातला एक स्कूप, सातनंतर ५०. जिम अर्थातच साडेपाचच्या सुमारास हवी. दुपारच्या ताटातली एक पोळी काढून सोया ६० ग्रॅमवर न्या म्हणजे जागा होते आणि आकडा गाठता येतो. ताटात क्रमही बदला. आधी सोया किंवा पनीर आणि दही, मग डाळ, शेवटी पोळी-भात. भूक प्रोटीनवर खर्च होऊ द्या. दोन पोळ्या आणि भात आधी संपवला तर वाटीतले शेवटचे चंक्स उरतातच.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीमुळे दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवणं अनेक घरांना परिचयाचं आहे. तिथून वेट ट्रेनिंगकडे आलेल्यांना मधला शेक नकोसा वाटतो. मग दोन्ही ताटांत ६० ग्रॅम बसवावे लागतात, आणि शाकाहारात ते रोज जमवणं फार कठीण आहे. ते लिफ्टरसाठी आखलेलं नाही, हे लक्षात घेऊन निदान व्यायामाच्या दिवशी तिसरं खाणं घ्यावं.

उपासाचे दिवस

एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. वर्षात हे दिवस इतके येतात की त्यांचा वेगळा बेत तयार असलेला बरा. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच, खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. म्हणून खिचडी अर्धी वाटी, आणि भार दुसरीकडे: ६० ग्रॅम राजगिरा पिठाची थालीपीठं (८), १५० ग्रॅम पनीर (२७), ४०० मिली दूध दोन वेळात (१३), २०० ग्रॅम दही (६), ३० ग्रॅम शेंगदाणे (७). हे ६१ होतात. व्हे दुधापासूनच होतं, पण ते उपासाला चालतं का हे घरानुसार ठरेल. चालत असेल तर दोन स्कूप घेऊन १०९ होतात, आणि एका दिवसासाठी ते भरपूर आहेत. चालत नसेल तर त्या दिवशी जड पायांचा व्यायाम ठेवू नका.

संकष्टीला चंद्रोदय अनेकदा नऊच्या पुढे जातो. त्या दिवशी विंडो दुपारी दोन ते रात्री दहा करा आणि दुसऱ्या दिवशी पहिलं जेवण दोनला घ्या. घड्याळ सरकलं तरी तास तेच राहतात.

कुठे बिघडतं आणि ते ओळखायचं कसं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मोजण्याची. ४० ग्रॅम कोरडे चंक्स पाण्यात फुगून शंभर ग्रॅमच्या पुढे जातात. भिजलेले १०० ग्रॅम तोलून ‘सोयात ५२ टक्के प्रोटीन’ असा गुणाकार केला की कागदावर ५२ येतात, पोटात गेलेले असतात २० च्या आतबाहेर. डाळीचंही तसंच. पातळ वरणाच्या वाटीत कधी १५ ग्रॅम डाळ असते, कधी ३०. चिकन उलट वागतं, शिजल्यावर पाणी जाऊन हलकं होतं. म्हणून किचनच्या वजनकाट्यावर फक्त कोरडं किंवा कच्चं तोला. घरच्या पाच जणांची डाळ एकत्र शिजत असेल तर कुकरमध्ये घातलेली एकूण डाळ तोलून ठेवा आणि आपल्या वाटीचा वाटा अंदाजाने काढा. एक आठवडा असं केलं की नजर तयार होते, मग काटा रोज काढावा लागत नाही.

दुसरी चूक विंडो उघडण्याची. बारा वाजता भूक इतकी असते की चहा-बिस्किटं किंवा फळांची प्लेट समोर येते. अर्ध्या तासात पोट भरल्यासारखं वाटतं आणि डब्यातली भाजी परत घरी जाते. विंडो डब्याच्या पहिल्या घासानेच उघडा. चहा दूध-साखरेचा हवाच असेल तर जेवणानंतर घ्या.

तिसरी गोष्ट लोकल चुकणे, ट्रॅफिक, उशिरा संपलेली मीटिंग. रात्रीचं ४९ ग्रॅमचं ताट हुकलं की दिवस ७० वर थांबतो. याला उपाय एकच: बॅगेत कायम एक स्कूप व्हे आणि ५० ग्रॅम फुटाण्यांची पुडी. शिवाय अशा दिवशी विंडो साडेनऊपर्यंत वाढवून जेवा. प्रोटीन आणि घड्याळ यांपैकी एक सोडायची वेळ आली तर लिफ्टरने घड्याळ सोडावं. हुकलेले ग्रॅम दुसऱ्या दिवशी दुपटीने भरून काढायला जाऊ नका, त्याने पोट बिघडण्याशिवाय काही होत नाही.

पोटाचं बोलायचं तर पहिले दोन आठवडे गॅस आणि जडपणा होतोच, कारण डाळ, सोया, दही सगळं कमी तासांत एकवटलेलं असतं. सोया २० ग्रॅमपासून सुरू करून दर चार दिवसांनी १० ग्रॅम वाढवा. त्याच जेवणात राजमा किंवा छोल्यांची उसळ नको. व्हे घेतल्यावर तासाभरात पोट गुडगुडून जुलाब होत असतील तर दोष बहुधा लॅक्टोजचा असतो, कॉन्सन्ट्रेटऐवजी आयसोलेट घेऊन बघा. रात्री छातीत जळजळ होत असेल तर शेवटचं जेवण आणि झोप यांत दोन-अडीच तास ठेवा आणि तेल रात्रीऐवजी दुपारच्या ताटाला द्या. सकाळी डोकं दुखत असेल तर आधी पाणी आणि मीठ बघा, मग अचानक तोडलेला सकाळचा चहा.

शेवटी तपासणी. आठवड्यातून तीन सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन घ्या आणि तिघांची सरासरी लिहा. ७२ किलोच्या माणसाचं वजन आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम उतरत असेल आणि मुख्य लिफ्टचे आकडे जागेवर असतील तर काहीही बदलू नका. वजन सातशे ग्रॅमपेक्षा वेगाने उतरतंय आणि सलग दोन आठवडे त्याच वजनावर रेप्स कमी होतायत, तर प्रोटीन पुरत असूनही कॅलरी कमी पडतायत. दुपारी एक वाटी भात वाढवा आणि पुढच्या दोन आठवड्यांचे आकडे बघा. वजन स्थिर, कंबर स्थिर, तरी ताकद घसरतेय, तर तीन दिवस पुन्हा सगळं तोलून लिहा. मोजमापात १२० दिसत असताना ताटात ८० निघणं ही यातली सर्रास घडणारी गोष्ट आहे. आणि कच्च्या वजनाने मोजूनही ११०–१२० खरोखर भरत असतील, झोप नीट असेल, तरी सहा आठवड्यांत ताकद परत आली नाही, तर विंडो दहा तासांची करून चौथं खाणं सकाळी परत आणा.